चुकलेलं उत्तर कसं खोडायचं

खोडण्याआधी नवं उत्तर पूर्ण लिही, हे पहिलं. घाईत जुनं आधी काटलं आणि नवं लिहायला वेळच उरला नाही, तर हातचे मार्क जातात. पण नवं लिहून झाल्यावर जुनं तसंच ठेवू नकोस. एकाच प्रश्नाची दोन उत्तरं दिसली की कोणतं तपासायचं हे परीक्षक ठरवतो, तू नाही.

समज, 7 सेमी त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ विचारलंय आणि तू परिघाचं सूत्र वापरून 44 काढलंस. त्या ओळींवर पट्टीने एकच तिरपी रेघ मार आणि खाली नव्याने मांड: 22/7 × 7 × 7 = 154 चौ. सेमी. फक्त शेवटचा आकडा चुकला असेल, तर तेवढाच आडव्या रेघेने काट आणि शेजारी बरोबर आकडा लिही. 4 गिरवून 9 करायला जाऊ नकोस, तो धड 4ही वाचता येत नाही आणि 9ही. गिचमिड खोडलं तर शाई मागच्या पानावर उमटते, ते वेगळंच.

कच्च्या कामासाठी पानाच्या उजवीकडे उभी रेघ आखून पट्टा ठेव, वर ‘कच्चे काम’ लिही आणि गणित सुटल्यावर त्यावरही तिरपी रेघ ओढ. डावा समास मात्र प्रश्नक्रमांकासाठीच.

आकृती पेन्सिलनेच काढायची, कारण ती चुकली तर पुसता येते. नावांच्या रेघा पट्टीने, एकमेकींना न छेदता. मुख्य संज्ञा अधोरेखित कर, पण अख्खी वाक्यं नकोत. सूचनापत्रात वेगळं सांगितलं असेल, तर तेच पाळ.