C[0,1] चे मॅक्सिमल आयडियल: वर्ग का घ्यायचे, आणि बाकीचे प्रश्न

सर, M_c मॅक्सिमल आहे हे आयसोमॉर्फिझम थेरम न वापरता दाखवता येतं का?

येतं, आणि एकदा तसंच करून बघा म्हणजे आत काय चाललंय ते दिसतं. C[0,1] म्हणजे [0,1] वरच्या कंटिन्युअस फंक्शन्सची रिंग, आणि M_c म्हणजे त्यातली c या बिंदूवर शून्य होणारी सगळी फंक्शन्स. आता M_c हून मोठा एखादा आयडियल J घ्या, म्हणजे त्यात असं एक h आहे की h(c) शून्य नाही. h मधून h(c) हा आकडा वजा केला की जे उरतं ते c वर शून्य होतं, म्हणजे ते M_c मध्ये आहे आणि म्हणून J मध्येही आहे. मग h मधून तेच वजा करा, हातात राहतो फक्त h(c) हा स्थिर आकडा, तोही J मध्येच. शून्य नसलेला आकडा आयडियलमध्ये आला की त्याने भागून 1 येतो आणि J म्हणजे अख्खी रिंग. झालं.

उलट बाजूच्या, म्हणजे प्रत्येक मॅक्सिमल आयडियल कुठला तरी M_c च असतो याच्या सिद्धतेत फंक्शन्सचे वर्ग करून बेरीज घेतात. नुसती बेरीज का नाही चालत?

हा प्रश्न खूप जण विचारतात आणि विचारायलाच हवा, कारण सगळी गंमत त्या वर्गातच आहे. समजा M हा मॅक्सिमल आयडियल कुठल्याच M_c च्या आत बसत नाही. म्हणजे प्रत्येक c साठी M मध्ये एक तरी फंक्शन आहे जे c वर शून्य नाही, आणि कंटिन्युअस असल्यामुळे ते c च्या आसपासच्या छोट्या इंटर्व्हलमध्येही शून्य होत नाही. असे इंटर्व्हल मिळून [0,1] झाकतात, हाइने-बोरेलमुळे त्यातले मोजकेच पुरतात, म्हणजे आपल्याकडे मोजकीच फंक्शन्स उरली आणि कुठल्याही बिंदूवर त्यातलं एक तरी जिवंत आहे.

आता उदाहरण घ्या, x − 1/3 आणि x − 2/3. दोन्ही एकाच वेळी कुठेच शून्य होत नाहीत. पण नुसती बेरीज केली तर 2x − 1 येतं आणि ते 1/2 वर शून्य, कारण तिथे एक +1/6 आणि दुसरं −1/6, एकमेकांना खाऊन टाकतात. वर्ग केले की ऋण चिन्हच जातं. वर्गांच्या बेरजेची सगळ्यात लहान किंमत 1/2 वरच येते, 1/36 + 1/36 = 1/18, म्हणजे शून्याच्या वर. त्यामुळे 1 भागिले ती बेरीज हे फंक्शनही कंटिन्युअस, 18 च्या वर जात नाही, दोघांचा गुणाकार 1, आणि 1 आला M मध्ये. कोणी म्हणेल इथे वजाबाकी केली तर सरळ 1/3 येतो की! येतो, पण ते या जोडीपुरतं. वर्ग मात्र दर वेळी चालतात.

तर M कुठल्यातरी M_c च्या आत असायलाच हवा, आणि तो मॅक्सिमल असल्यामुळे तो M_c च. दोन वेगळ्या बिंदूंचे आयडियलही वेगळेच, x − c हे फक्त c वर शून्य होतं एवढं बघितलं की पुरे.

ओपन इंटर्व्हल (0,1) घेतला तर बिघडतं म्हणतात, नक्की कुठे?

"मोजकेच पुरतात" तिथे. जी फंक्शन्स 0 च्या लगतच्या एखाद्या तुकड्यावर, म्हणजे (0, ε) वर, पूर्ण शून्य आहेत अशी सगळी गोळा करा, ε प्रत्येकाचा वेगळा चालेल. हा आयडियल आहे: बेरीज करताना दोघांतला लहान ε घ्यायचा. 1 यात नाही. आणि कुठलाही c द्या, max(0, x − c/2) हे यात आहे आणि c वर त्याची किंमत c/2, म्हणजे हा आयडियल कुठल्याच M_c मध्ये मावत नाही. झॉर्नच्या लेमाने त्याला पोटात घेणारा एक मॅक्सिमल आयडियल मिळतो, पण त्याला (0,1) मधला बिंदू नाही, तो जणू निसटलेल्या 0 कडे बोट दाखवतो. वर्गांची युक्ती इथे का अडते तेही बघा, यातली कितीही मोजकी फंक्शन्स घेऊन वर्गांची बेरीज केली तरी ती 0 जवळ शून्यच राहते.

M_0 म्हणजे x ने जनरेट होणारा आयडियलच ना? पॉलिनॉमियलमध्ये तर तसंच असतं.

नाही, आणि परीक्षेत इथेच मार्क जातात. पॉलिनॉमियलमध्ये 0 वर शून्य असेल तर x कॉमन काढता येतो, इथे √x घ्या. ते M_0 मध्ये आहे, पण √x = x·g(x) लिहायचं तर g(x) = 1/√x व्हावं लागेल: x = 0.0001 ला 100, x = 0.000001 ला 1000, 0 कडे जाताना वाढतच जातं, मग ते [0,1] वर कंटिन्युअस कसं राहणार? x ऐवजी दुसरा कुठलाही जनरेटर f आणलात तरी √|f| हेच करून दाखवतं, कारण असा f फक्त 0 वरच शून्य असणार. दोन-चार जनरेटर घेऊनही सुटत नाही, त्यांच्या |f| ची बेरीज करा आणि तिचं वर्गमूळ घ्या, तोच अडथळा परत येतो.