संसाराची वाट कोणी लावली

प्रश्न: थाई आणि इंडोनेशियन भाषेत आपल्याला लगेच ओळखू येतील असे संस्कृत शब्द आहेत म्हणे, पण त्यांचे अर्थ तेच राहिलेत का?

बऱ्याच शब्दांचे नाही राहिले, आणि आमच्या मोठ्या काकांनी ते जकार्त्यात भर लग्नात सिद्ध करून दाखवलंय. मी तिथे नोकरीला होतो, काका फिरायला आलेले, आणि विमानतळापासूनच प्रत्येक पाटी वाचत 'हा आपला, हाही आपलाच' चालू. भाषेला बहासा, गुपिताला रहासिया, बायकोला इस्त्री म्हणतात कळल्यावर तर विचारू नका (तिथे इस्त्री म्हणजे फक्त बायको, कुठलीही बाई नाही). मग ऑफिसातल्या एकाच्या लग्नाला त्यांना घेऊन गेलो. सुका म्हणजे सुख आणि सेंगसारा म्हणजे संसार हे त्यांनी कुठूनतरी मिळवलेलं, त्यामुळे स्टेजवर जाऊन खणखणीत आवाजात आशीर्वाद दिला, 'सुका सेंगसारा!' आता तिकडे रोजच्या बोलण्यात सुका म्हणजे आवडणे आणि सेंगसारा म्हणजे हालअपेष्टा, म्हणजे काका नवरा-नवरीला 'हाल आवडतात' असं काहीतरी म्हणाले. नवरी माझ्याकडे बघायला लागली, मी बुफेकडे.

परतताना गाडीत काका चिडून, 'या लोकांनी शब्दाची पार वाट लावली.' अहो काका, वाट आपण लावलीय. मुळात संसार म्हणजे जन्ममरणाचा फेरा, ज्यातून सुटायचं असतं. इंडोनेशियनने त्यातलं दुःख तेवढं ठेवलं. थाईत त्याचं सोंगसान झालं, अर्थ कणव येणे, पावसात भिजलेलं कुत्र्याचं पिल्लू दिसलं की तिथला माणूस सोंगसान म्हणतो. म्हणजे फेऱ्यात अडकलेल्याचं दुःख आणि मग ते बघून येणारी दया, अर्थ तुटलेला नाहीच. लिहिताना शेवटी र असतो, पण थाईत शब्दाच्या शेवटी आलेल्या र चा उच्चार न होतो, नगरचं नखोन होतं तसाच, म्हणून ऐकून पत्ता लागत नाही. आणि आपण मात्र गॅस, कुकर, डबे-बरण्या मांडल्या की 'संसार थाटला' म्हणून मोकळे. तिघांत सगळ्यात लांब गेलो ते आपणच.

तेव्हा पाटी वाचायला आपली मराठी चालेल, बोलायला तिच्यावर विसंबू नका. बँकॉकमध्ये 'सुखा' असं लिहिलेलं दिसलं तर ते स्वच्छतागृह असतं, एका अर्थी बरोबरच आहे.

हां, एक राहिलं. थाईतले बरेच शब्द पाली आणि ख्मेरमार्गे आलेत, इंडोनेशियनमधले बरेच जुन्या जावानीजमधून, त्यामुळे 'आपले' म्हणताना जरा बेतानं. आणि सारखं दिसलं की संस्कृत असंही नाही. इंडोनेशियनमध्ये माता म्हणजे डोळा आणि काकी म्हणजे पाय, दोन्ही अस्सल तिथलेच. माताहारी म्हणजे सूर्य, शब्दशः दिवसाचा डोळा. काका अजूनही त्याला 'माता हरी' म्हणतात आणि फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड करतात.