टाउ काढताना आधी एक रांग सरळ लाव

केंडॉलचा टाउ म्हणजे दोन क्रमवाऱ्या एकमेकींशी किती जुळतात ते सांगणारा आकडा. समज, नाशिकच्या दोन परीक्षकांनी द्राक्षांच्या पाच नमुन्यांना क्रम दिलेत. पहिल्याचे क्रम 1 ते 5 असे ओळीने मांड, म्हणजे दुसऱ्याचीच रांग बघायची उरते: 3, 1, 2, 5, 4. आता प्रत्येक आकड्याच्या फक्त उजवीकडे त्याहून लहान किती, ते मोज. 3 नंतर दोन, 5 नंतर एक. विसंवादी जोड्या, म्हणजे ज्यांचा क्रम दोघांनी उलटसुलट लावला त्या, झाल्या 3. एकूण जोड्या 10, म्हणून संवादी, म्हणजे दोघांचा क्रम जुळणाऱ्या, 10 − 3 = 7. केंडॉलचा टाउ = (7 − 3) / 10 = 0.4.

बरोबरीचे क्रम असले तर 10 − 3 ही वजाबाकी चालत नाही, कारण तशी जोडी कुठल्याच बाजूची नसते. संवादी वेगळ्या मोजाव्यात. आणि 0.4 वर फार विसंबू नकोस. पाच नमुन्यांच्या 120 संभाव्य रांगांपैकी 29 रांगांत इतका किंवा याहून जास्त मेळ असतोच.