बाउंड आणि बेरीज का जुळत नाही: मार्केट यार्डातून चार थांबे

प्रश्न: टेम्पोच्या चार-पाच थांब्यांसाठी ब्रँच अँड बाउंड हाताने सोडवतोय. रिड्यूस्ड मॅट्रिक्सवरून बाउंड काढतो, पण शेवटच्या मार्गाची बेरीज त्याच्याशी जुळत नाही. चूक कुठे होते? आणि थांबायचं कधी?

उत्तर: बहुतेक वेळा चूक एकाच जागी सापडते. पुढच्या थांब्याचा आकडा मूळ कोष्टकातून उचलला जातो, आणि तो घ्यायचा असतो आधीच्या पायरीवर वजावट करून झालेल्या कोष्टकातून. माझ्याच टेम्पोचं उदाहरण पूर्ण करून दाखवतो, म्हणजे तुमच्या वहीशी ताडून बघता येईल.

माल पुण्याच्या मार्केट यार्डातून निघतो आणि कोथरूड, शिवाजीनगर, हडपसर, कात्रज करून टेम्पो परत येतो. वेळा मिनिटांत आहेत. डावीकडून निघायचं, वर लिहिलंय तिथे पोचायचं. जाता-येता वेळ सारखी नाही, कारण फर्ग्युसन रस्ता आणि जंगली महाराज रस्ता एकेरी आहेत.

```
      म   को   शि   ह   का
म     –   ३०   २५   २२   १८
को   २८    –   २०   ४८   ३२
शि   २२   २४    –   ३५   ३८
ह    २५   ५०   ३८    –   ३३
का   १७   ३०   ३६   ३०    –
```

टेम्पो कोणत्याही क्रमाने फिरला तरी मार्केट यार्डातून एकदाच बाहेर पडणार. म्हणजे पहिल्या ओळीतला एकच आकडा मार्गात येणार. त्या ओळीतून १८ वजा केले तर प्रत्येक मार्ग बरोबर १८ मिनिटांनी कमी होतो, मार्गांचा आपसातला क्रम बदलत नाही. तसंच बाकीच्या ओळींचं: १८ + २० + २२ + २५ + १७ = १०२. प्रत्येक ठिकाणी शिरायचंही एकदाच, म्हणून मग उभे रकाने बघायचे. कोथरूडच्या रकान्यात सगळ्यात लहान २ उरतात, हडपसरच्या रकान्यात ४, बाकी रकान्यांत शून्य आधीच आहे. एकूण १०८. हाच पहिला बाउंड: याहून कमी वेळात फेरी होणं शक्यच नाही. उरलेलं कोष्टक असं:

```
      म   को   शि   ह   का
म     –   १०    ७    ०    ०
को    ८    –    ०   २४   १२
शि    ०    ०    –    ९   १६
ह     ०   २३   १३    –    ८
का    ०   ११   १९    ९    –
```

आता आधी हडपसरला जायचं ठरवलं. 'म ते ह' इथे ० आहे, तेवढेच मिळवायचे. 'म'ची ओळ आणि 'ह'चा रकाना खोडायचा. शिवाय 'ह ते म' बंद करायचं, कारण तीन थांबे बाकी असताना टेम्पो परत येऊन चालणार नाही. हे बंद केल्यावर 'ह'च्या ओळीत २३, १३, ८ उरतात. शून्य नाही, म्हणून ८ वजा. बाउंड १०८ + ० + ८ = ११६.

इथे तुम्ही मूळ कोष्टकातले २२ घेतलेत तर बाउंड १३८ येईल. पण त्या २२ पैकी १८ ओळीच्या वजावटीत आणि ४ रकान्याच्या वजावटीत १०८ मध्ये आधीच जमा आहेत. ते दुसऱ्यांदा मोजले जातात. नुसती बेरीज चुकली असती तर एक वेळ चाललं असतं. पण १३८ बघून तुम्ही ही फांदी, म्हणजे आधी हडपसरला जाणारे सगळे मार्ग, छाटाल, आणि सगळ्यात चांगला मार्ग याच फांदीवर आहे.

याच पद्धतीने आधी कात्रज केलं तर ११७, कोथरूड १३५, शिवाजीनगर १३६. सगळ्यात लहान ११६, म्हणून हडपसर उघडायचं. त्याच्यापुढे कात्रज १२७, शिवाजीनगर १३३, कोथरूड १४३.

या टप्प्यावर १२७ धरून तसंच खाली जायचा मोह होतो. थांबा. मागे कात्रजची ११७ची फांदी न उघडता पडली आहे. तिथून १२७ पेक्षा कमी वेळाचा मार्ग निघू शकतो, त्यामुळे आधी तिकडे जायचं. कात्रजपुढे कोथरूड १२८, हडपसर १३०, शिवाजीनगर १४४. आता सगळ्यांत लहान खरोखरच १२७ आहे. हडपसर, कात्रजनंतर कोथरूड घेतलं तर बाउंड १२७च राहतो, शिवाजीनगर घेतलं तर १४३ होतो. कोथरूडनंतर शिवाजीनगर आणि परत मार्केट यार्ड. मूळ कोष्टकातून बेरीज: २२ + ३३ + ३० + २० + २२ = १२७. जुळलं.

थांबायचं ते इथेच. पूर्ण मार्ग हातात आहे, आणि न उघडलेल्या सगळ्या फांद्यांचे बाउंड १२८ किंवा त्याहून जास्त आहेत. पूर्ण मार्ग मिळणं एवढंच पुरेसं नाही, ही दुसरी अटही तपासावी लागते.

वहीत दोन खुणा बघत जा. खालच्या पायरीचा बाउंड वरच्यापेक्षा कधीच कमी येत नाही. आला तर वजावट चुकली आहे. आणि शेवटच्या थांब्यावर बाउंड व मूळ बेरीज एकच यायला हवी. परतीचा रस्ता बंद करायला विसरलात तर मात्र या दोन्ही खुणा काही बोलत नाहीत. हडपसरनंतर कात्रजचा बाउंड १२७ ऐवजी ११६ राहतो, उत्तर शेवटी बरोबरच येतं, फक्त फांद्या जास्त उघडाव्या लागतात. अगदी शेवटच्या थांब्यावर मात्र परतीचा रस्ता मोकळा ठेवायचा, नाहीतर फेरीच पूर्ण होणार नाही. प्रोग्रॅममध्ये बंद रस्त्यासाठी ९९९९ लिहिलं असेल तर पूर्ण खोडलेल्या ओळीचा 'सगळ्यात लहान' आकडा ९९९९ निघतो आणि बाउंडात मिसळतो. अशी ओळ वगळायची.

चार थांब्यांचे मार्ग २४च, ते सरळ मोजूनही होतात. बारा थांबे झाले की ४७ कोटी ९० लाखांवर जातात, तिथे छाटणी कामाला येते. तरी एक अडचण लक्षात ठेवा: जाता-येता वेळ सारखीच असेल तर शून्यं जोडीने पडतात, 'अ ते ब' आणि 'ब ते अ'. दोन्ही एकदम वापरता येत नाहीत, पण वजावटीला ते दिसत नाही. बाउंड खऱ्या उत्तरापासून बराच खाली राहतो आणि छाटणी कमी होते.

१९६३ साली लिटल, मूर्ती, स्वीनी आणि कॅरल या चौघांनी ही रीत मांडली तेव्हा ते थांबा निवडत नव्हते. शून्य असलेला एक रस्ता निवडून 'हा घ्यायचा' आणि 'हा घ्यायचा नाही' अशा दोनच फांद्या करत होते. तुमचं पुस्तक तसं सोडवत असेल तर फांद्या वेगळ्या दिसतील, वजावट हीच.

मी स्वतः १२७ ला थांबत नाही. पाच मिनिटांचा फरक रहदारीत विरून जातो, म्हणून सगळ्यात लहान बाउंड १३२ च्या पुढे जाईपर्यंत उघडत राहतो. तेव्हा १२८चा मार्ग पूर्ण होतो: कात्रज, कोथरूड, शिवाजीनगर, हडपसर. १३०ची फांदी उघडली की १३८ आणि १४० होते, ती गेली. आमचा टेम्पो साडेआठला निघतो आणि हडपसरचं दुकान दहाला उघडतं. १२७च्या मार्गाने तिथे ८:५२ ला पोचून शटरसमोर उभं राहावं लागेल, १२८च्या मार्गाने माल उतरवायचा वेळ न धरताही सव्वादहा होतात. म्हणून टेम्पो १२८च्या मार्गाने जातो.