बेंगळूरचा पत्ता मागून पुढे वाचा

«पुढच्या महिन्यात नोकरीसाठी बेळगावहून बेंगळूरला जातोय. खोलीचा पत्ता ‘८वा मेन, १५वा क्रॉस’ एवढाच दिलाय. चिकपेठेतही काम आहे. हे शहर डोक्यात कसं बसवायचं?»

भाऊ, आधी खोलीवाल्याला फोन करून लेआउटचं, म्हणजे वसाहतीचं, नाव विचारा. मेन म्हणजे वसाहतीतला मुख्य रस्ता, क्रॉस म्हणजे त्याला छेदणारा आडवा रस्ता. ८वा मेन मल्लेश्वरमलाही आहे आणि जयनगरलाही. पहिलं शहराच्या उत्तर भागात, दुसरं दक्षिणेत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा रिक्षावाल्याला नुसता मेनचा आकडा सांगितला आणि भलत्याच टोकाला उतरलो. आपल्या टिळकवाडीत पहिलं गेट, दुसरं गेट म्हटलं की भागतं, कारण ती मोजणी गावात एकदाच आहे. बेंगळूरात प्रत्येक वसाहतीत आकडे परत एकपासून सुरू होतात. १८९८च्या प्लेगात पेठ दाटीची ठरली, तेव्हा मल्लेश्वरम आणि बसवनगुडी आखून वसवल्या. पुढच्या वसाहतींनीही हीच रीत घेतली.

म्हणून पत्ता मागून वाचायचा: आधी वसाहत, मग ब्लॉक किंवा स्टेज, मग मेन-क्रॉस, शेवटी घर नंबर. मल्लेश्वरममध्ये मेन दक्षिणोत्तर आणि क्रॉस पूर्व-पश्चिम जातात. मेनवरून चालताना क्रॉसचे आकडे वाढत असतील तर तुम्ही उत्तरेकडे चाललाय. १५वा हवा आणि पाट्या आठ, सात, सहा दाखवायला लागल्या तर तिथूनच मागे फिरा. जयनगरला ब्लॉक नीट ऐका, ४था ब्लॉक आणि ४था टी ब्लॉक वेगळे आहेत.

चिकपेठेत ही मोजणी विसरा. केंपेगौडांनी १५३७मध्ये वसवलेली ही तटबंदीची पेठ. तट गेला, वेशीचं नाव मात्र हलसूर गेट पोलीस ठाण्यात राहिलंय. गल्ल्या धंद्यांवरून ओळखायच्या: अक्कीपेठ तांदळाची, बळेपेठ बांगड्यांची. आपल्या खडेबाजारासारखंच, हातगाड्या आणि माल उतरवणारे टेंपो यांत रिक्षा अडकते. मॅजेस्टिकहून हिरव्या मेट्रोनं पुढचंच स्टेशन चिकपेठ. तिथून चालत जा, आणि नंबराऐवजी दुकानाचं नाव विचारा.

खोली उपनगरात निघाली तर आत सापडायला सोपी असते, शहरात यायचे रस्ते मात्र मोजकेच. केंगेरीला जांभळी मेट्रो आहे, त्यामुळे म्हैसूर रोडची कोंडी टळते. यलहंकाचं तसं नाही. तिथून शहरात येणारा मोठा रस्ता हेब्बाळवरून येतो, आणि तिथं विमानतळाची वाहनं आणि रिंगरोडची वाहनं एकत्र येतात. सकाळी ड्यूटी असेल तर खोली ठरवण्याआधी एकदा कामाच्या दिवशी, ड्यूटीच्याच वेळेला तो रस्ता करून बघा. रविवारी बघून फसायला होतं. आणि बसच्या पाटीवर नुसतं ‘यलहंका’ आहे की ‘यलहंका उपनगर’, ते बघून चढा. जुनं गाव आणि नवी वसाहत वेगळ्या आहेत.