उन्हाळ्यात मटकीला बुळबुळीतपणा येऊ नये म्हणून

ताई, मोड आणायला जळगावच्या मे महिन्यात मटकी रात्रभर भिजवू नका. पाच-सहा तास पुरतात. सोबत मूग असतील तर त्यांना तासभर जास्त द्या. दोन्ही वेगळे भिजवा. दाणा नखाने सहज दबला की झालं.

मटकी बिघडते ती बहुतेक साचलेल्या पाण्याने. म्हणून धुऊन चाळणीत अर्धा तास पूर्ण निथळू द्या, मगच सुती फडक्यात सैल बांधा. घट्ट पुरचुंडीत मधले दाणे तापतात आणि तिथूनच तार सुटते. सकाळ, दुपार, संध्याकाळ गार पाण्याने धुवा, दरवेळी तसंच निथळा. गणंग दाणे तेव्हाच वेचून टाका.

हाताला बुळबुळीत लागून आंबट वास आला तर मात्र फेकाच. फोडणीने ती सुधारत नाही.