प्राचार्यांनी सांगितलं ते ऐकायचं, की पाहुण्यांनी?

प्रश्न : मुलीला दहावीला ९१ टक्के मिळाले. आम्ही कागलचे, कोल्हापुरात तिला अकरावी सायन्सला घातलंय. पालकांच्या स्वागत सभेत प्राचार्यबाई फार आपुलकीनं बोलल्या. 'पहिल्या चाचणीत गुण कमी पडतील, लेकराला बोलू नका, आधी पेपर बघा' म्हणाल्या. हजेरी ७५ टक्के पाहिजे, असंही बजावलं. पाहुणे म्हणतात, कॉलेजात नुसतं नाव ठेवा, खरा अभ्यास क्लासचा. आम्ही पेपर बघून करणार काय? आणि हजेरीचं एवढं कशाला?

उत्तर :

सप्रेम नमस्कार. बाईंनी स्वागताच्या दिवशीच गुण कमी पडण्याची गोष्ट काढली, हे मला फार आवडलं. पालकांना पेढे देऊन पाठवणं सोपं असतं. ऑगस्ट-सप्टेंबरात माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच घरांत तोवर रडारड होऊन गेलेली असते, कारण ही गोष्ट त्यांना आधी कोणी सांगितलेलीच नसते.

समजा, भौतिकशास्त्राच्या २५ गुणांच्या चाचणीत मुलीला ९ मिळाले. पेपर हातात घ्या. तुम्हाला विषय येत नसला तरी चालेल, फक्त गुण कुठे गेले ते तिच्याकडून बोलून घ्या. एक गणित असं असतं : २० न्यूटनचं बल आडव्या रेषेशी ३० अंशांत लावलंय, तर त्याचा आडवा घटक किती? उत्तर २० कॉस ३०, म्हणजे सुमारे १७.३ न्यूटन. मुलीनं २० साइन ३० घेऊन १० लिहिलेलं दिसेल. आता बघा, शेजारी आकृती काढलीय का? बहुतेक वेळा नसते. दहावीत साइन-कॉसची सूत्रं पाठ करून भागलं, इथे कोन कुठल्या रेषेशी आहे हे आधी बघावं लागतं. हा आळस नाही. आकृती काढायची सवय लागली, की ही चूक बरीच कमी होते.

दुसरं, तिला तोच प्रश्न मराठीत समजावून सांगायला लावा. मराठीत नीट सांगितलं आणि पेपरात मात्र जागा कोरी, तर अडचण इंग्रजी वाक्याची आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना 'रिझॉल्व्ह', 'मॅग्निट्यूड', 'डिराइव्ह' असे शब्द प्रश्नातच अडवतात. अशा वेळी रोज एक उत्तर इंग्रजीतून लिहून काढायचं, शिकवणी वाढवायची नाही. मराठीतही सांगता आलं नाही, तर मात्र कल्पनाच कच्ची आहे. मग त्या विषयाच्या सरांना त्याच आठवड्यात भेटावं. नऊचा आकडा दोन्ही वेळा सारखाच दिसतो, उपाय वेगळे असतात. बाई 'आधी पेपर बघा' म्हणाल्या, ते यासाठी.

आता हजेरी. पाहुण्यांचं म्हणणं मला मान्य नाही. राज्य मंडळाच्या बारावीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र या प्रत्येक विषयात लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३० गुणांचं असतं. तो हात अकरावीत बसतो. रसायनशास्त्रातलं टायट्रेशन घ्या. ब्युरेटमधून अल्कली आम्लात थेंब थेंब सोडायची, खाली फिनॉल्फ्थॅलिन घातलेलं फ्लास्क हलवत राहायचं आणि हलका गुलाबी रंग टिकला की थांबायचं. एक-दोन थेंब जास्त झाले की रंग गडद होतो आणि रीडिंग चुकतं. हे वहीतून येत नाही, ब्युरेटची तोटी स्वतः फिरवूनच येतं. क्लासला प्रयोगशाळा नसेल, तर बुडालेलं प्रात्यक्षिक तिथे भरून निघत नाही. घरच्या घरी ओळखायचं असेल, तर मुलीचं जर्नल उघडा. निरीक्षणाच्या तक्त्यात आकडे आहेत पण त्या तारखेला ती कॉलेजातच नव्हती, तर ते मैत्रिणीचं उतरवलेलं आहे.

क्लास लावूच नका, असं मी म्हणत नाही. राज्याच्या सीईटीत सुमारे २० टक्के भार अकरावीचा असतो आणि क्लासचा सराव कामी येतो. पण कॉलेजच्या वेळेतच भरणारा क्लास घेऊ नका. कागलहून एसटीनं येणाऱ्या मुलीचा दिवस आधीच लांबतो. सकाळची गाडी, कॉलेज, संध्याकाळचा क्लास आणि रात्री नऊला घर, असं झालं की स्वतः बसून गणितं सोडवायला वेळच उरत नाही. तसं होत असेल, तर आधी क्लासचे विषय कमी करा. एखादाच विषय, तोही पहिली चाचणी झाल्यावर पेपर बघून ठरवा.

पहिल्या पालक सभेला जाताना तो पेपर आणि जर्नल दोन्ही पिशवीत घ्या. 'मुलगी कशी आहे' एवढंच विचारलंत, तर 'हुशार आहे, अभ्यास वाढवा' एवढंच ऐकून परत याल. त्याऐवजी भौतिकच्या सरांसमोर पेपर उघडा आणि विचारा, 'सर, ही इथे का अडली?' आणि मुलीला सोबत न्या, उत्तर तिच्यासमोरच होऊ द्या.